गोल टेबल, चार जोडपी: उत्तर १२ की १४८८?

नाशिकची मावशी

भाचा अकरावीत आहे. क्लासच्या सराव-पत्रिकेत त्याला हा प्रश्न आला:

"चार विवाहित जोडपी एका गोल टेबलाभोवती आठ खुर्च्यांवर बसणार आहेत. कोणीही आपल्या जोडीदाराच्या शेजारी बसणार नाही. अशा रचना किती? टेबलाभोवती सगळे एकदम सरकले तर ती रचना तीच धरावी."

पोराने दोन पानं भरून १४८८ काढलेत. पत्रिकेच्या मागे उत्तर १२ छापलंय. कुठे १२ आणि कुठे १४८८! सरांना विचारलं तर "छापलंय ते बरोबर" एवढंच म्हणाले म्हणे. पोरगा दोन दिवस तोंड पाडून बसलाय. माझं गणित बारावीनंतर सुटलं, तेव्हा जरा सोप्या भाषेत सांगा.

झटपट

सोप्पंय मावशी. गोल म्हटलं की एक कमी करायचा. पुरुष ४, म्हणजे (४-१)! = ६. बायका ४, म्हणजे पुन्हा ६. गुणाकार ३६. त्यातून नवरा-बायको शेजारी आलेल्या रचना वगळल्या की १२ उरत असणार. १४८८ खूपच होतात, आठच तर माणसं आहेत.

प्रमेय

झटपट, आठच माणसं म्हणता, पण आठ माणसं एका ओळीत ४०३२० तऱ्हांनी बसतात. १४८८ हा आकडा मोठा नाही.

मावशी, भाच्याने काय काय केलं ते थोडं टंकता का? १४८८ असा सहज चुकून येणारा आकडा नाही.

नाशिकची मावशी

त्याच्या वहीतून जसंच्या तसं:

५०४० - ५७६० + २८८० - ७६८ + ९६ = १४८८

मला तर पहिल्याच पायरीला शंका आली. ५०४० मधून ५७६० कसे जातील?

प्रमेय

जातात, आणि पोराचं गणित बरोबर आहे. त्याने पत्रिकेत छापलेला प्रश्न सोडवलाय. १२ हे दुसऱ्याच एका प्रश्नाचं उत्तर आहे. आधी त्याचं बघू.

५०४० म्हणजे ७!. कोणतीही अट नसताना आठ जण गोल बसण्याच्या तऱ्हा. ओळीत ४०३२० होतात. आता गोल बसलेली एक मंडळी घ्या आणि दोन माणसांच्या मधे वर्तुळ कापून सरळ करा. कापायला आठ जागा आहेत आणि प्रत्येक जागी कापलं की वेगळी ओळ मिळते, कारण दर वेळी पहिला माणूस वेगळा. म्हणजे एका वर्तुळामागे ओळी बरोबर आठ. ४०३२० ला ८ ने भागलं की ५०४०. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर एका माणसाला कुठेही बसवा, सगळ्या खुर्च्या सारख्याच. त्याच्या संदर्भाने उरलेल्या सातांना जागा द्या, ७!. दोन्हीकडून तेच येतं.

आता नको असलेल्या रचना. जोशी नवरा-बायको शेजारी बसलेच असं धरा. लग्नात उपरण्याला शेल्याची गाठ मारतात तशी त्या दोघांना गाठ मारली की ते एक पाहुणा झाले. टेबलाभोवती सात 'पाहुणे', म्हणजे ६! = ७२०, आणि गाठीतली डावी-उजवी बाजू दोन प्रकारची, म्हणून १४४०. अशी जोडपी चार, ५७६०.

मावशी, तुमची शंका इथलीच. ५७६० हा आकडा एकूण रचनांपेक्षा मोठा आहे, कारण ज्या रचनेत जोशीही शेजारी आणि पाटीलही शेजारी, ती यात दोनदा मोजली गेली. दोनदा वजा झालेलं एकदा परत द्यायला हवं. दोन जोडप्यांना गाठ मारली तर सहा पाहुणे: ५! गुणिले ४ = ४८०, आणि चारातून दोन जोडपी निवडायच्या तऱ्हा ६, म्हणून २८८०. आता तीन जोडपी शेजारी असलेल्या रचना जास्त वेळा परत आल्या, त्या काढा: ४! गुणिले ८ गुणिले ४ = ७६८. शेवटी चारही गाठी: ३! गुणिले १६ = ९६.

वाटेत बेरीज उणे ७२० वर जाते आणि मग वर येते. तिथे पोरं घाबरून खोडतात. तुमच्या भाच्याने खोडलं नाही.

सातारी कंदील

मुळात प्रश्नच चुकीचा आहे असं माझं प्रामाणिक मत. आमच्याकडे गोल डायनिंग टेबल आहे. एका खुर्चीवरून टीव्ही दिसतो, एकीच्या मागे फ्रिज आहे, तिथे बसणाऱ्याला दर पाच मिनिटांनी उठावं लागतं. सगळे एक घर सरकले तर "तीच रचना" म्हणायची? फ्रिजपाशी आलेल्या माणसाला विचारा. आणि आपल्याकडे पंगत सरळ असते, हे गोल टेबलाचं खूळ कुठून आलं?

प्रमेय

कंदीलसाहेब, तुमच्या टेबलाला ८ ने भागायचंच नाही. खुर्च्या एकमेकींहून वेगळ्या असतील तर ४०३२० तेवढेच राहतात आणि मावशींच्या प्रश्नाचं उत्तर १४८८ गुणिले ८, म्हणजे ११९०४ होतं. भागायचं की नाही हे टेबलाच्या आकारावरून ठरत नाही, खुर्च्यांवरून ठरतं. प्रश्नात सरकलेली रचना तीच धरा असं स्पष्ट लिहिलंय, म्हणून भागायचं.

झटपट

बरं, १४८८ मान्य. मग १२ कुठून आले? माझे ३६ जवळ होते की!

प्रमेय

३६ मध्ये अर्धी गोष्ट बरोबर आहे. तुम्ही न सांगता गृहीत धरलंत की पुरुष-बाई एकाआड एक बसतात. माझा अंदाज, मूळ प्रश्नातही तीच अट होती आणि पत्रिका टाइप करताना ते वाक्य गळलं. अट परत घातली की १२ च येतात, पण ३६ मधून नव्हे.

पुरुष आधी बसवा, एक खुर्ची सोडून एक. सरकण्यामुळे ३! = ६ तऱ्हा. इथे सरकण्याची सवलत वापरून संपली. आता पुरुष जागेवर आहेत, त्यामुळे मधल्या चार खुर्च्या एकमेकींसारख्या राहिल्या नाहीत. एक जोशी आणि पाटलांच्या मधली, एक पाटील आणि कदमांच्या मधली, अशा चारही ओळखता येतात. म्हणून बायकांसाठी पूर्ण ४! = २४. पुन्हा एक कमी करायचा नाही. एकाआड एक बसायच्या तऱ्हा ६ गुणिले २४ = १४४.

आता जोडीदार शेजारी नको. पुरुष घड्याळाच्या दिशेने जोशी, पाटील, कदम, शिंदे असे बसलेत. जोशीबाईंना नवऱ्याच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या वर्ज्य. उरल्या दोन: पाटील-कदम मधली आणि कदम-शिंदे मधली.

समजा त्या पाटील-कदम मधे बसल्या. शिंदेबाईंना जोशी-पाटील मधली किंवा पाटील-कदम मधलीच चालते, आणि दुसरी गेली, म्हणून त्या जोशी-पाटील मधे. मग कदमबाईंना शिंदे-जोशी मधलीच उरते आणि पाटीलबाई कदम-शिंदे मधे. एकीने खुर्ची धरली की बाकी तिघींना पर्याय नाही. जोशीबाई कदम-शिंदे मधे बसल्या तरी तसंच, उलट्या दिशेने. म्हणजे पुरुषांच्या प्रत्येक रचनेमागे बायकांच्या फक्त २. सहा दुणे बारा.

हा प्रश्न जुना आहे. फ्रेंच गणिती एदुआर ल्युका याने १८९१ मध्ये तो मांडला. हनोईच्या मनोऱ्याचं कोडं त्याचंच. त्याच्या आधी स्कॉटलंडच्या पीटर टेटला दोऱ्याच्या गाठी मोजताना हाच हिशेब लागला होता, फक्त तिथे टेबल आणि पाहुणे नव्हते. एक बाजू बसल्यावर दुसऱ्या बाजूच्या तऱ्हा तीन जोडप्यांना १, चारांना २ आणि पाचांना एकदम १३. पाचाला ती साखळी तुटते, एकीने खुर्ची धरून बाकीच्यांचं ठरत नाही. कितीही जोडप्यांना चालणारं सूत्र तुशार याने १९३४ मध्ये दिलं.

शलाका

धाग्याचा विषय बघून आत आले, कारण माझं हेच चाललंय. न्यू जर्सीत दिराचं रिसेप्शन आहे, दहा-दहाची गोल टेबलं. आमच्या टेबलावर दोन आत्या आहेत ज्यांचं एकमेकींशी पटत नाही. मी चिठ्ठ्या टाकून जागा वाटणार होते. दोघी शेजारी यायची शक्यता किती? दहात एक ना?

प्रमेय

जास्त आहे. पहिल्या आत्या कुठेही बसू देत. दुसऱ्या आत्यांना उरलेल्या ९ खुर्च्यांपैकी कोणतीही मिळू शकते आणि त्यातल्या २ पहिल्या आत्यांच्या लगतच्या. म्हणून ९ मध्ये २, साडेचारात एक. आकड्यांत हवं असेल तर एकूण ९! = ३,६२,८८०, दोघी लांब असलेल्या रचना २,८२,२४०.

शलाका

बाप रे. चिठ्ठ्या रद्द. एका आत्यांना आठ नंबरच्या टेबलावर पाठवते.

कीबोर्ड

मी हाताने न मोजता मशीनकडून मोजून घेतलं. पहिला माणूस शून्याच्या खुर्चीवर पक्का, बाकी सात फिरवले. जोडपी (0,1), (2,3), (4,5), (6,7).

```python
from itertools import permutations
n = 0
for p in permutations(range(1, 8)):
    t = (0,) + p
    if all(t[i]//2 != t[i+1]//2 for i in range(7)):
        n += 1
print(n)
```

उत्तर 1728 आलं. १२ पण नाही, १४८८ पण नाही. आता बोला.

तिरपागडा

कीबोर्ड, तुझी यादी गोल नाही. सातव्या खुर्चीवरचा आणि शून्यावरचा शेजारी आहेत हे तू तपासलंच नाहीस. 0 ची बायको 1 ही शेवटच्या खुर्चीवर बसली तरी तुझा प्रोग्रॅम "लांब" म्हणतो.

कीबोर्ड

ओळ बदलली:

```python
    if all(t[i]//2 != t[(i+1) % 8]//2 for i in range(8)):
```

1488. भाच्याला सांगा, मशीन त्याच्या बाजूने आहे. जास्तीचे २४० सगळे टोकाला बसलेल्या बायकोचे होते.

तिरपागडा

मला मात्र ते "८ ने भागा" खटकतंय. समजा नावं बघायची नाहीत, फक्त कोणत्या खुर्चीवर पुरुष आणि कोणत्या खुर्चीवर बाई एवढंच बघायचं. ४ पुरुष, ४ बायका, ८ खुर्च्या. ओळीत ७० तऱ्हा. ७० भागिले ८ = ८.७५. पाऊण रचना कशी असते?

झटपट

मग ९ धरा. वर ढकलायचं.

प्रमेय

नाही हो, ढकलायचं नाही. उत्तर १० आहे.

तिरपागडा, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. ८ ने भागणं चालत होतं, कारण प्रत्येक वर्तुळ आठ जागी कापल्यावर आठ वेगळ्या ओळी मिळत होत्या. माणसं नावाने वेगळी असतील तर तसं होणारच. पण फक्त पुरुष-बाई एवढंच पाहिलं तर काही वर्तुळं फिरवल्यावर लवकरच पूर्वीसारखी दिसायला लागतात.

एकाआड एक रचना घ्या: पु बा पु बा पु बा पु बा. एक घर सरकवली की बा पु बा पु..., दोन घरं सरकवली की पहिल्यासारखीच. या वर्तुळामागे ओळी आठ नाहीत, दोनच. दुसरी पु पु बा बा पु पु बा बा. ही चार घरांनी परत तशीच दिसते, म्हणून चार ओळी. बाकी सगळ्यांना पूर्ण आठ घरं फिरावं लागतं.

७० मधून २ आणि ४ काढले की ६४ उरतात. ६४ भागिले ८ = ८ वर्तुळं. त्यात ही दोन मिळवा, १०. पाऊण कुठून आलं तेही दिसतंय: दोन ओळींचं वर्तुळ भागाकारात पाव मोजलं गेलं आणि चार ओळींचं अर्धं.

हाताने पडताळायचं असेल तर एका पुरुषापासून पुढच्या पुरुषापर्यंत मधे किती बायका ते लिहीत गोल फिरा. चार आकडे, बेरीज ४. कुठूनही सुरुवात केली तरी तेच वर्तुळ:

४०००, ३१००, ३०१०, ३००१, २२००, २०२०, २११०, २१०१, २०११, ११११

दहाच.

सातारी कंदील

मग आमच्याकडे सहाच माणसं जेवायला असतील आणि आठ खुर्च्यांपैकी दोन रिकाम्या, तर? रिकाम्या खुर्च्याही एकसारख्याच की. तिथेही हा घोटाळा होणार?

प्रमेय

चांगला प्रश्न. तिथे होत नाही. टेबल थोडंही फिरवलं तरी नावाचा एक तरी माणूस जागेवरून हलतो, त्यामुळे पूर्ण आठ घरं फिरल्याशिवाय रचना तशीच दिसूच शकत नाही. ८! भागिले २, रिकाम्या खुर्च्यांच्या अदलाबदलीसाठी, आणि मग भागिले ८. २५२०. फ्रिज बाजूला सरकवलात तरच हं.

कीबोर्ड

म्हणजे भागाकार पूर्णांक आला की निश्चिंत, अपूर्णांक आला की समजायचं घोटाळा आहे. सोपी कसोटी मिळाली.

तिरपागडा

निश्चिंत होऊ नकोस. १२ खुर्च्या, ६ पुरुष, ६ बायका करून बघ. ओळीत ९२४, भागिले १२ = ७७. छान पूर्णांक. पण मी आता कागदावर मांडतोय आणि ७७ हून जास्त भरतायत.

कीबोर्ड

चालवलं. 80.

प्रमेय

८० बरोबर. दोन घरांनी परत येणारं वर्तुळ १, त्याच्या २ ओळी. चार घरांनी येणारं १, ओळी ४. सहा घरांनी येणारी ३, ओळी १८. एकूण २४ ओळी. उरलेल्या ९०० भागिले १२ = ७५. आणि ७५ मध्ये ती पाच मिळवली की ८०. तुकडे जुळून पूर्ण आकडा बनला म्हणून ७७ संशयास्पद वाटत नाही. अपूर्णांक आला तर चूक नक्की, पण पूर्णांक आला म्हणून काहीच सिद्ध होत नाही.

झटपट

एक राहिलं. आमच्या क्लासमध्ये (n-1)! ला २ ने पण भागायचे. हार, बांगडी, माळ वगैरे. मग १० चे ५ आणि १२ चे ६?

प्रमेय

माळ उचलून पालथी करता येते, टेबलाभोवतीचे पाहुणे करता येत नाहीत. तुमच्या डाव्या हाताला कोण आणि उजव्या हाताला कोण हा फरक मोजायचा की नाही, हे प्रश्नात सांगावं लागतं. सांगितलं नसेल तर पाहुण्यांना २ ने भागत नाहीत. काही पुस्तकांत "प्रत्येकाचे शेजारी तेच असतील तर रचना तीच" असं म्हटलेलं असतं. तिथे मात्र आरसा आला, आणि मग १२ चे ६ होतात.

१० चे ५ मात्र होत नाहीत. वरची यादी उलटी वाचा. ३१०० उलटून ३००१ होतं आणि २११० उलटून २०११, या दोन जोड्या एक होतात. बाकी सहा स्वतःच्याच आरशातल्या. म्हणून ८.

नाशिकची मावशी

सगळ्यांचे आभार. भाच्याने धागा वाचला आणि लगेच सरांना मेसेज टाकला की "एकाआड एक" ही अट छापायची राहिलीय का. सरांचं उत्तर आलं: "अट आहेच, जोडपी म्हटलं की एकाआड एक समजायचं."

तिरपागडा

हे कुठे लिहिलंय म्हणे?

सातारी कंदील

सरांच्या घरचं टेबल बघायला हवं.